स्टेशनजवळच्या साध्या घराचं ब्रोशर: हेडलाइन आणि खालचा मजकूर कसा लिहायचा (पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी)

आमचं घर विकायला काढलं तेव्हा ब्रोशर मीच लिहिलं होतं आणि पहिलं ब्रोशर पूर्ण फसलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं "स्वप्नातलं आलिशान घर, स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं!" फोन भरपूर आले, लोक बघायलाही आले, पण जिना चढतानाच त्यांचा उत्साह मावळलेला दिसायचा, हॉलमध्ये उभं राहून दोन मिनिटं इकडे तिकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून निघायचे. एक काका शेवटी सरळ बोलले, की मी घड्याळ लावून चाललो, नऊ मिनिटं लागली, आता तुमच्या बाकीच्या गोष्टींवर कसा विश्वास ठेवू? ते ऐकून मी सगळं परत लिहायला घेतलं. दुसऱ्या ब्रोशरला फोन कमी आले पण जे आले ते नीट बघून गेले, आणि त्यातल्याच एकांनी घर घेतलं.

हा लेख फक्त हेडलाइन आणि तिच्या खालच्या छोट्या मजकुराबद्दल आहे, तेही साध्या घराच्या. लिफ्ट नाही, स्विमिंग पूल नाही, आहे ते म्हणजे स्टेशन जवळ, एवढंच हातात असेल तर काय लिहायचं ते माझ्याच घराचं उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने सांगतो.

लिहायला बसण्याआधी हे जवळ असू दे

- मेजरिंग टेप (लांब, निदान ५ मीटरचा) आणि वही-पेन
- घड्याळ किंवा फोनमधला स्टॉपवॉच
- घराचे कागद, ज्यावर क्षेत्रफळ लिहिलंय ते पान
- घराचा साधा नकाशा, हाताने काढलेला चालेल
- रेल्वेचं चालू टाइमटेबल
- तुमच्या भागात जाहिरातीवर नोंदणी क्रमांक वगैरे छापणं सक्तीचं असेल तर तो क्रमांक

१. आधी चालून या, मग मिनिटं लिहा

स्टेशनजवळच्या घराच्या ब्रोशरमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे चालत किती मिनिटं, आणि नेमका तोच आकडा लोक अंदाजाने टाकतात. मीही तेच केलं होतं. मॅपवर स्टेशन आणि बिल्डिंग यांच्यामध्ये सरळ रेघ मारली, ३९० मीटर आले, म्हटलं पाच मिनिटं. पण आमच्या आणि स्टेशनच्या मधे रेल्वेची लांबच लांब कंपाउंड वॉल आहे, तिला वळसा घालूनच जावं लागतं, माणूस काय भिंतीतून चालत नाही. रस्त्याने मोजलं तेव्हा ६१० मीटर भरले.

मीटरवरून मिनिटं काढायला जपानमधली पद्धत मला सगळ्यात सरळ वाटली. तिथे घरांच्या जाहिरातींसाठी नियमच आहे, की रस्त्याने मोजलेलं ८० मीटर अंतर म्हणजे एक मिनिट धरायचं आणि वर उरलेल्या तुकड्यालाही पूर्ण मिनिट मोजायचं. ६१० भागिले ८० म्हणजे ७.६, म्हणून छापायचं ८. सात नाही, साडेसात पण नाही. या हिशोबात सिग्नलला थांबायचा वेळ आणि चढ धरलेला नसतो, त्यामुळे नुसत्या भागाकारावर राहू नका, स्वतः चालून बघा, तेही दोन वेळा, एकदा सकाळी निवांत आणि एकदा संध्याकाळी गर्दीत. मला सकाळी ८ मिनिटं लागली आणि संध्याकाळी १०, कारण वाटेतल्या सिग्नलला थांबावं लागलं आणि फुटपाथवर गर्दी होती.

आता खरा घोळ इथे होतो, की मोजायचं कुठून? प्लॅटफॉर्मवरून, ब्रिजवरून, की गेटातून? आमच्याकडे प्लॅटफॉर्मच्या मधल्या डब्यातून उतरून ब्रिज चढून पश्चिमेच्या गेटापर्यंत यायलाच तीन मिनिटं जातात. म्हणून नुसतं "स्टेशनपासून ८ मिनिटं" लिहू नका, कुठल्या गेटापासून ते लिहा. "पश्चिमेच्या गेटापासून चालत ८ मिनिटं" असं लिहिलं की बघायला येणाऱ्याला कुठून घड्याळ लावायचं ते कळतं, आणि विश्वास ठेवा, लोक घड्याळ लावतात. दुसरं टोकही ठरवा. आम्ही बिल्डिंगच्या दारापर्यंत मोजलं, वरचे दोन जिने वेगळे सांगितले.

२. घर आतून मोजा

कागदावर आमच्या घराचं क्षेत्रफळ ५२० चौरस फूट होतं, त्यात जिन्याचा आणि पॅसेजचा वाटा धरलेला. पहिल्या ब्रोशरवर मी तेच छापलं. माणूस ५२० डोक्यात ठेवून आत येतो आणि त्याला ते घर लहान वाटतं, खरं तर घर लहान नसतं, आकडा फुगवलेला असतो.

म्हणून टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रत्येक खोली मोजा. आमच्याकडे हॉल १४ बाय १० म्हणजे १४०, बेडरूम ११ बाय १० म्हणजे ११०, किचन ९ बाय ७ म्हणजे ६३, बाथरूम ७ बाय ४ म्हणजे २८, टॉयलेट ४ बाय ३ म्हणजे १२, आणि आतला पॅसेज ९ बाय ३ म्हणजे २७. बेरीज ३८०. हाच तुमचा कार्पेट एरिया धरून छापा, आणि कागदावर वेगळा आकडा असेल तर तो कशाचा आहे ते समोरासमोर सांगा. तुमच्या इथल्या कायद्यात कार्पेट एरियाची ठरलेली व्याख्या असेल तर ती बघून घ्या, आतल्या भिंतींची जाडी किंवा बाल्कनी धरायची की नाही यावर आकडा थोडा बदलतो.

लहान घर असेल तर खोल्यांची मापं नक्की द्या. ३८० ऐकून काही डोळ्यासमोर येत नाही, पण १४ बाय १० चा हॉल म्हटलं की माणूस मनातल्या मनात तिथे आपला सोफा ठेवून बघतो.

३. आवाज स्वतः बसून ऐका

स्टेशन जवळ म्हणजे रूळ जवळ, आणि घ्यायला येणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो, तो विचारो ना विचारो. तुम्हाला सवय झालेली असते म्हणून तुम्हाला आवाज ऐकूच येत नाही. मला खरंच वाटायचं की आमच्याकडे आवाज नाहीये. मग एका रविवारी प्रत्येक खोलीत वीस वीस मिनिटं गप्प बसलो, एकदा खिडकी उघडी ठेवून आणि एकदा लावून, आणि तेच रात्री अकरानंतर परत केलं, कारण रात्री बाकीचा आवाज कमी झाला की गाडीचा जास्त जाणवतो.

हॉलची खिडकी पूर्वेला म्हणजे रुळांच्या बाजूला, रूळ तिथून साधारण १२० मीटरवर. लोकल गेली की तिथे टीव्हीचा आवाज एक-दोन पॉइंट वाढवावा लागतो. मालगाडी गेली की खिडकीची काच बारीक किणकिणते, ती काच फ्रेममध्ये सैल होती म्हणून, रबराची पट्टी बसवल्यावर किणकिण थांबली. बेडरूम मागच्या बाजूला, तिथे खिडकी लावली की गाडी गेलेली कळते पण बोलणं थांबवावं लागत नाही. हे सगळं वहीत लिहून ठेवा, यातलं एक वाक्य मजकुरात जाणार आहे.

४. हेडलाइन: एकच गोष्ट सांगा, आणि ती खरी आहे का तपासा

साध्या घराच्या हेडलाइनमध्ये घर कसं आहे ते सांगायचा मोह होतो, आलिशान, स्वप्नातलं, टुमदार वगैरे. ते सोडून द्या. तुमच्या घरातली जी गोष्ट रोज उपयोगी पडते ती सांगा. स्टेशनजवळच्या घरात ती गोष्ट अशी असते की लोकलमधून उतरल्यावर पुढे बस नाही, शेअर गाडीची रांग नाही, पार्किंगमधून गाडी काढणं नाही, पायी घरी. रोज दोनदा प्रवास करणाऱ्या माणसाला याची किंमत बरोबर कळते.

मी वहीत चार हेडलाइन लिहिल्या त्या अशा:

"स्वप्नातलं आलिशान घर, स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं!" ही जुनी. दोन्ही भाग खोटे.

"स्टेशनजवळ परवडणारं घर." खोटं नाही, पण हे कुठल्याही बिल्डिंगवर चिकटवता येईल. आणि "परवडणारं" कोणाला, ते वाचणारा ठरवतो, आपण नाही.

"गाडीतून उतरा, ८ मिनिटांत कुलूप उघडा." ही मला फार आवडली होती, जवळजवळ छापायला देणार होतो. मग हिशोब केला: प्लॅटफॉर्म ते गेट ३, गेट ते बिल्डिंग ८, वर दोन जिने १, म्हणजे कुलूप उघडेपर्यंत १२ मिनिटं. आकडा खरा होता पण वाक्याने त्याला खोटं केलं. हा सापळा लक्षात ठेवा, कारण आकडा नीट मोजूनही माणूस यात अडकतो. हेडलाइन झाली की ती शब्दशः खरी धरून स्वतः करून बघा.

"उतरलं की चालत घर. दुसरी गाडी नाही." ही ठेवली. यात आकडाच नाही, आकडे खालच्या ओळीत गेले:

*पश्चिमेच्या गेटापासून चालत ८ मिनिटं • ३८० चौ. फूट कार्पेट • दुसरा मजला, लिफ्ट नाही*

या ओळीत "लिफ्ट नाही" टाकलं म्हणून घरात माझ्याशी वाद झाला, की कशाला स्वतःच सांगायचं. पण ज्याला गुडघ्याचा त्रास आहे तो जिना बघून परत जाणारच आहे, त्याची फेरी वाचते आणि तुमची संध्याकाळ वाचते. आणि उरलेल्यांना कळतं की हे लोक लपवत नाहीत.

५. खालचा मजकूर: गेटापासून खिडकीपर्यंत चालत जा

मजकूर ८० ते ९० शब्दांच्या आत ठेवा, घडीच्या ब्रोशरच्या एका भागात तेवढंच नीट बसतं. क्रम काय ठेवायचा यावर मी खूप डोकं लावलं आणि शेवटी सगळ्यात सोपा क्रम सापडला, माणूस ज्या क्रमाने घरी येतो तोच. गेट, रस्ता, जिना, हॉल, आतल्या खोल्या. असं लिहिलं की काही सुटत नाही आणि वाचणारा आपोआप बरोबर चालायला लागतो.

विशेषणांचं काय करायचं? प्रत्येक विशेषण पकडायचं आणि विचारायचं, हे मला कशावरून वाटतं? जे उत्तर येईल ते लिहायचं आणि विशेषण खोडायचं. मी लिहिलं होतं "भरपूर उजेड". कशावरून? तर सकाळी अकरापर्यंत हॉलमध्ये ऊन असतं. मग तेच लिहिलं. "हवेशीर" कशावरून? हॉलची खिडकी पूर्वेला आणि बेडरूमची पश्चिमेला, दोन्ही उघडल्या की वारा आरपार जातो. "प्रशस्त किचन" याला काही उत्तरच सापडलं नाही, ९ बाय ७ प्रशस्त नसतं, ते वाक्य गेलं. त्याजागी ओट्यासमोर खिडकी आहे हे आलं, जे खरं आहे आणि रोज ओट्याशी उभं राहणाऱ्याला हवंसं आहे.

आमचा मजकूर असा झाला:

> पश्चिमेच्या गेटातून बाहेर पडून डावीकडे वळा, चालत ८ मिनिटं, वाटेत एक सिग्नल. इमारत चार मजली, घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, ३६ पायऱ्या आहेत. हॉल १४ × १० फूट, बेडरूम ११ × १०, किचन ९ × ७, ओट्यासमोर खिडकी. हॉलमध्ये सकाळी अकरापर्यंत ऊन. हॉल आणि बेडरूमच्या खिडक्या समोरासमोर, उघडल्या की वारा खेळतो. हॉलमध्ये गाड्यांचा आवाज येतो. बेडरूम मागच्या बाजूला आहे, तिथे खिडकी लावली की आवाज बराच कमी होतो. बघायला संध्याकाळी ६ ते ८ मध्ये या, म्हणजे गर्दीच्या वेळचा रस्ता आणि आवाज दोन्ही कळतील.

आवाजाचं वाक्य कुठे ठेवायचं ते बघा. पहिलं ठेवलं तर तेवढंच लक्षात राहतं, शेवटी बारीक अक्षरात ठेवलं तर लपवल्यासारखं दिसतं. मधे, ज्या खोलीत आवाज आहे त्या खोलीबरोबर ठेवा आणि लगेच पुढे जिथे कमी आहे ती खोली सांगा. "आवाज येत नाही" असं मात्र कुठल्याच खोलीबद्दल लिहू नका.

शेवटचं वाक्य बघून लोक विचारतात की मुद्दाम गर्दीच्या वेळी का बोलावलं. कारण दुपारी दोनला बघून गेलेला माणूस परत संध्याकाळी येऊन बघतोच, आणि तेव्हा त्याला जे दिसतं ते आपण सांगितलेलं नसलं की विषय संपतो.

६. हे लिहू नका

होणाऱ्या गोष्टी. नवीन ब्रिज होणार आहे, मेट्रो येणार आहे, रस्ता रुंद होणार आहे. जे आज तिथे उभं नाही ते ब्रोशरवर नको, कोणी विचारलं तर तोंडी सांगा आणि अजून झालेलं नाही हेही सांगा.

गाड्यांच्या वेळा आणि दर किती मिनिटांनी गाडी हे आकडे. टाइमटेबल बदलतं आणि ब्रोशर मात्र महिनोन्‌महिने फिरत राहतं. त्यापेक्षा टाइमटेबल बघून एवढंच तपासा की तुमच्या स्टेशनला फास्ट गाड्या थांबतात की फक्त स्लो. फक्त स्लो थांबत असतील तर फास्ट गाडीचा वेळ धरून "शहरात अमुक मिनिटांत" असं चुकूनही छापू नका. ही चूक पाच मिनिटांच्या चुकीपेक्षा मोठी, कारण रोजचा अर्धा तास इकडे तिकडे होऊ शकतो.

आणि घर कोणासाठी आहे हे. मी लिहिलं होतं "नवीन जोडप्यासाठी उत्तम", तर एका बाईंनी फोन करून विचारलं की मी एकटी राहते, मला दाखवाल का? मला फार वाईट वाटलं. काही देशांत तर अशी माणसं निवडणारी जाहिरात कायद्यात बसत नाही, अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने धर्म, वंश अशा गोष्टींवरून आणि १९८८ च्या दुरुस्तीपासून कुटुंबावरूनही पसंती दाखवणाऱ्या घरांच्या जाहिराती बंद केल्या आहेत. आपण घराचं वर्णन करावं, कोणाला चालेल ते ज्याचं त्याला कळतं.

७. छापायला देताना

ए-फोर कागदाला दोन घड्या घालून तीन भाग केले की एक भाग जेमतेम १० सेंटीमीटर रुंद होतो, तिथे हेडलाइन २६-२८ पॉइंटच्या आसपास ठेवली तर दोन-तीन ओळींत बसते. ओळ कुठे तोडायची ते तुम्हीच सांगा, नाहीतर "दुसरी गाडी" एका ओळीत आणि "नाही" एकटं खालच्या ओळीत जातं आणि वरवर बघणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये नेमकं हेच झालं होतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, Mukta किंवा Noto Sans Devanagari सारखा फॉन्ट घ्या, आणि प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफच द्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं, आणि काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटतात, "पश्चिम" मधला श् पाय मोडून उभा राहतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला सांगा, अक्षराच्या साधारण दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटतात. प्रूफ स्क्रीनवर नाही, कागदावर काढून वाचा, आणि फोन नंबर स्वतः डायल करून बघा.

८. एका अनोळखी माणसाला फक्त ब्रोशर द्या

छापायच्या आधी ही एक परीक्षा घ्याच. आमचं घर कधीच न पाहिलेल्या एका मैत्रिणीला मी प्रूफ दिलं आणि म्हटलं फोन न करता ये. सिग्नलपर्यंत आली आणि तिथून तिचा फोन आलाच, की इथे डावीकडे दोन रस्ते जातात, कुठला घेऊ? मला रोजच्या सवयीने तिथे एकच रस्ता दिसायचा. मग "वाटेत एक सिग्नल" च्या जागी "सिग्नलनंतर पाण्याच्या टाकीकडचा रस्ता" असं केलं, दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला पाठवलं, तो न विचारता थेट दारात आला, आणि त्याच संध्याकाळी फाइल प्रेसला दिली.